मोसचा आकडा कसा वाचायचा: ओरखडा वेगळा, फुटणं वेगळं

अजिंठ्याहून परतताना रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून मी एक खडा घेतला होता. अंगठ्याएवढा, टोकदार, पाण्यासारखा नितळ. ‘अस्सल स्फटिक आहे ताई, याला काही होत नाही,’ असं सांगून त्याने तो दिला. घरी आईने तो देवघरात ठेवला. चार महिन्यांनी देव उजळताना तो ओट्यावरून फरशीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. खडा फुटला यापेक्षा तो कसा फुटला, याचं मला जास्त नवल वाटलं. सुरीने काकडी कापावी तसा सपाट, आडवा काप गेला होता आणि कापलेल्या जागी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक होती.

त्यानंतर मी दगड ओळखायला शिकले. सुरुवातीला सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो एकाच गोष्टीचा: पुस्तकात खनिजाच्या नावापुढे ‘काठिण्य ७’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो दगड मजबूत, असं मी धरून चालले होते. तसं ते नसतं. तो आकडा फक्त ‘कोण कुणावर ओरखडा काढतं’ एवढंच सांगतो. वार सोसण्याची ताकद, म्हणजे चिवटपणा, हा वेगळा गुण आहे आणि तो मोसच्या पट्टीवर कुठेच दिसत नाही. घरच्या घरी हे दोन्ही कसं तपासायचं, ते क्रमाने सांगते.

काय काय लागेल

- तांब्याची जाड तार, वायरवरचं आवरण सोलून काढलेली
- पोलादी चाकू
- हॅकसॉच्या पात्याचा तुकडा. हार्डवेअरच्या दुकानात ‘एक्सा ब्लेड’ म्हणून मागा
- खिडकीच्या काचेचा तुकडा, कडा घासून बोथट केलेला
- गारगोटीचा एक तुकडा, धारदार कोपरा असलेला
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- ओलं फडकं आणि डोळ्यांवर घालायला साधा चष्मा

परदेशी पुस्तकांत ‘तांब्याचं नाणं’ वापरा असं असतं. आपल्याकडचं हल्लीचं एक किंवा दोन रुपयांचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, ते तांब्यापेक्षा बरंच कठीण. त्याने चाचणी केलीत तर सगळा हिशेब चुकेल. म्हणून तार.

## १. आधी पट्टी समजून घ्या

फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये, ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे असताना, ही पट्टी मांडली. त्याने सहज मिळणारी दहा खनिजं घेतली आणि प्रत्येक खनिज आधीच्यावर ओरखडा काढेल अशा क्रमाने ती लावली. सगळ्यात मऊ शंखजिरं, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज फेल्डस्पार, सातव्या जागी क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आठव्या जागी टोपॅझ, नवव्या जागी कुरुंद आणि दहावा हिरा. माणिक आणि नीलम ही कुरुंदाचीच रूपं, म्हणून तीही नऊवर.

हे आकडे म्हणजे शर्यतीतले क्रमांक आहेत, वेळ नव्हे. पहिला आणि दुसरा यांच्यात किती अंतर होतं, हे क्रमांकावरून कळत नाही. प्रयोगशाळेत टोकदार हिरा दाबून काठिण्य मोजलं तर हिरा कुरुंदाच्या तीन-चार पट भरतो, पण पट्टीवर दोघांत अंतर दिसतं फक्त एकाचं. तेव्हा ‘दहा म्हणजे पाचाच्या दुप्पट’ असा हिशेब कधी करू नका. साडेतीन असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ इतकाच, की हे खनिज कॅल्साइटवर ओरखडा काढतं आणि फ्लुओराइट याच्यावर काढतं.

तुमच्या हत्यारांच्या जागा अंदाजे अशा: नख अडीच, तांब्याची तार तीनच्या आसपास, चाकू आणि काच साडेपाच, एक्सा ब्लेड साडेसहाच्या पुढेमागे, गारगोटी सात.

## २. ओरखडा कसा काढायचा

खडा धुऊन वाळवा. जिथे तो मातकट किंवा पापुद्रा धरलेला असेल ती जागा टाळा. पाऊसपाण्याने कुजलेला थर आतल्या खनिजापेक्षा मऊ असतो आणि तुम्ही त्या थराचंच काठिण्य मोजून बसता. ताजी, चकचकीत जागा निवडा, आणि खडा शोभेचा असेल तर खालच्या अंगाची निवडा.

मऊ हत्याराने सुरुवात करा, म्हणजे नको तितका मोठा चरा पडणार नाही. आधी नख, मग तार, मग चाकू. हत्याराचं टोक खड्यावर घट्ट टेकवा आणि दाबून एकदाच पाच-सहा मिलिमीटर ओढा. पुढेमागे घासत राहू नका. काचेवर चाचणी करताना काच टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. दाब दिल्यावर ती तुटली तर तळवा कापतो.

ज्या दोन हत्यारांच्या मधे निकाल बदलतो, तिथे तुमच्या खड्याची जागा. तारेने काही झालं नाही आणि चाकूने चरा पडला, तर खडा तीन ते साडेपाचच्या दरम्यान आहे.

दुकानातला साधा खिळा यासाठी घेऊ नका. तो मऊ लोखंडाचा असतो आणि एकेक खिळा वेगळा निघतो. चाकूसुद्धा आधी काचेवर ओढून पाहा. काचेवर त्याची जेमतेम खूण उठली पाहिजे. तो नुसताच घसरत असेल तर त्याला साडेपाच समजू नका.

## ३. ओरखडा खरा की खोटा, ते बघा

नवे लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. गारगोटीवर चाकू ओढला की एक करडी, चमकदार रेघ उठते. ती गारगोटीवरची जखम नसते. चाकूचंच लोखंड खरवडून तिच्यावर बसलेलं असतं, पाटीवर पेन्सिलची रेघ उठते तसं. ओल्या फडक्याने पुसा. पुसली गेली तर हत्यार हरलं. राहिली तर तिच्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं तर चरा खरा. मग भिंगातून बघा: खऱ्या चऱ्याला खोली आणि दोन काठ असतात.

त्यानंतर उलटी चाचणी करा: आता खड्याच्या कोपऱ्याने हत्यारावर ओढा. दोन्ही निकाल एकमेकांना धरून असले पाहिजेत. दोघांवरही बारीक चरे उठले तर दोघांचं काठिण्य जवळपास सारखं.

आणखी एक सापळा कणीदार दगडांचा आहे. वालुकाश्मावर चाकू फिरवला की वाळू झडते आणि दगड मऊ वाटतो. प्रत्यक्षात तिथले कण सातचेच असतात, फक्त त्यांना बांधणारं सिमेंट कच्चं असतं. मोसची चाचणी एका खनिजाच्या एका स्फटिकावर करायची असते. अख्ख्या खडकाला मोसचा एक आकडा देता येत नाही.

काही खनिजं तर दिशेप्रमाणे बदलतात. कायनाइटच्या लांबट पात्यावर लांबीच्या दिशेने चाकूचा चरा पडतो, आडव्या दिशेने पडत नाही. म्हणून एकाच जागी, एकाच दिशेने घेतलेल्या निकालावर भरवसा ठेवू नका.

## ४. माझ्या खड्याचं काय झालं

फुटलेला तुकडा घेऊन मी बसले. नखाने काही नाही. तारेची तांबूस रेघ उठली, ती पुसली गेली. चाकूने मात्र स्वच्छ चरा पडला आणि पांढरी भुकटी निघाली. उलट बाजूने खड्याचा कोपरा काचेवर ओढला, तर काच तशीच. म्हणजे काठिण्य साडेपाचच्या आत, आणि क्वार्ट्झचा प्रश्नच मिटला.

मग उरलेल्या खुणा बघितल्या. क्वार्ट्झचा स्फटिक सहा बाजूंचा असतो आणि त्याच्या उभ्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा असतात. माझ्या खड्याला चारच बाजू होत्या आणि रेघा उभ्या होत्या. शिवाय तो आडवा, सपाट काप आणि मोत्यासारखी झाक. कॅल्साइट असता तर तारेचा निकाल अटीतटीचा लागला असता, फुटताना तिरकस चौकोनी तुकडे पडले असते आणि व्हिनेगरच्या थेंबाखाली बुडबुडे दिसले असते. तसं काहीच नव्हतं. हा ॲपोफिलाइट होता, काठिण्य साडेचार ते पाच. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत, स्टिल्बाइटसारख्या झिओलाइटांच्या सोबतीने तो वाढतो. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतल्या खाणींतून आणि विहिरींच्या खोदकामातून निघालेले त्याचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. क्वार्ट्झ नसला तरी वाईट सौदा नव्हता.

पण लक्षात घ्या, तो फुटला त्याचं कारण ‘पाच’ हा आकडा नव्हता. ॲपोफिलाइटच्या अंगात एक आडवी कमजोर पातळी असते. तिच्या वरच्या आणि खालच्या थरांना जोडणारे बंध दुबळे असतात. धक्का बसला की भेग त्या पातळीतून सरळ धावते. खनिजशास्त्रात याला पाटन म्हणतात. आणि पाटन मऊ खनिजांतच असतं असं नाही. टोपॅझ आठवर आहे, गारगोटीवर ओरखडे काढतो, आणि त्यालाही अशीच एक आडवी पातळी आहे. टेबलाच्या कडेवर नेमका आपटला तर तोही तसाच चिरतो.

## ५. गारगोटी आणि पाटा

काठिण्य आणि चिवटपणा यांतला फरक हातात धरून बघायचा असेल तर हा प्रयोग करा. माळ्यावर टाकलेला जुना पाटा-वरवंटा काढा. पाट्याचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. गारगोटीच्या कोपऱ्याने पाट्याच्या बाजूला दाबून रेघ ओढा. पाट्यावर चरा पडेल, कारण बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिनचं काठिण्य पाच-सहाच्या आसपास आहे. पट्टीच्या हिशेबाने गारगोटी जिंकली.

आता चष्मा घाला, गारगोटी फडक्यात गुंडाळा, पाट्यावर ठेवा आणि वरवंट्याने एक ठोका द्या. गारगोटीचे तुकडे होतात. पाट्याला फार तर एक पांढरा ठिपका पडतो.

असं का होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ओरखडा काढताना तुम्ही एका सुईच्या अग्राएवढ्या जागेवर दाब देता. प्रश्न इतकाच असतो, की त्या ठिपक्यातले अणू एकमेकांना धरून बसतात की सरकतात. बंध जितके घट्ट, तितकं काठिण्य जास्त. ठोका दिल्यावर प्रश्न बदलतो. प्रत्येक दगडात कुठे ना कुठे बारीक भेग असतेच. ठोक्याची सगळी ऊर्जा त्या भेगेच्या टोकाशी गोळा होते, आणि आता प्रश्न असा, की भेगेला पुढे जायला मोकळी वाट आहे का. गारगोटीचा एकसंध स्फटिक म्हणजे अडथळा नसलेला रस्ता. भेग निघाली की पार दुसऱ्या टोकाला. बेसाल्टमध्ये फेल्डस्पारच्या बारीक काड्या आणि पायरॉक्सिनचे कण टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. भेगेला प्रत्येक कणापाशी वळावं लागतं, वळताना तिची ताकद खर्च होते आणि ती मधेच थांबते.

हे काठिण्यामुळे होत नाही, याची याहून पक्की खूण अकीक देतो. अकीक आणि गारगोटी, दोन्ही रासायनिकदृष्ट्या एकच: सिलिका. काठिण्यही जवळजवळ तेच, साडेसहा ते सात. पण अकीक डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तंतूंचा बनलेला असतो आणि म्हणून एकसंध क्वार्ट्झपेक्षा खूपच चिवट. प्रयोगशाळांमध्ये नमुने कुटायचे छोटे खल अकीकाचे असतात ते याच कारणाने. पदार्थ तोच, आकडा तोच, वीण बदलली की चिवटपणा बदलला. चीनमध्ये हजारो वर्षं कोरला गेलेला नेफ्राइट जातीचा जेड फक्त सहा-साडेसहाचा आहे, पण त्याचे तंतू इतके गुंतलेले असतात की चिवटपणात तो हिऱ्यालाही मागे टाकतो.

## ६. हिरा हातोडीने फुटतो

‘खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही’ हे तुम्हीही ऐकलं असेल. कृपा करून कुणाच्या अंगठीवर ही परीक्षा घेऊ नका. खरा हिरा फुटतो, आणि फुटला म्हणून खोटा ठरवून फेकला जातो. हिऱ्यात चार दिशांना पाटनाच्या पातळ्या आहेत.

हिरे कापणारे याच पातळ्यांचा उपयोग करत आले. दक्षिण आफ्रिकेत १९०५ मध्ये सापडलेला कलिनन हिरा ३,१०६ कॅरटचा होता. १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला जोसेफ आशरने तो दुभंगला. पद्धत अशी: आधी दुसऱ्या हिऱ्याने पृष्ठभागावर एक खाच पाडायची, मग त्या खाचेत पोलादी पातं बसवायचं आणि त्यावर ठोका द्यायचा. खाच पाडायला हिराच लागतो, कारण तिथे काठिण्याचा मामला आहे. दुभंगायला मात्र साडेसहाचं पोलाद पुरतं.

पोलादाकडे चिवटपणा कुठून येतो, हे पाथरवटाच्या टाकीत बघा. जात्याला किंवा पाट्याला टाकी लावणारा माणूस टाकीचं टोक तापवून पाण्यात बुडवतो, त्याला पाणी देणं म्हणतात. त्याने टोक कठीण होतं. पण फार कडक झालं तर ते पहिल्याच घावाला टवका उडून मोडतं, म्हणून ते परत बेताने तापवून थोडं उतरवतात. टाकीचा माथा, जिथे हातोडी बसते, तो मऊच ठेवतात. तो कालांतराने फुलासारखा पसरतो, पण तडकत नाही. एकाच हत्यारात टोकाला काठिण्य आणि माथ्याला चिवटपणा, आणि एक वाढवलं की दुसरं कमी होतं हे त्या कारागिराला हाताने ठाऊक असतं. धातूंना हे जमतं, कारण त्यांच्यातले अणूंचे थर तुटण्याआधी एकमेकांवरून घसरू शकतात आणि भेगेचं टोक बोथट होतं. गारगोटीला किंवा हिऱ्याला ही सोय नाही.

## ७. न फोडता चिवटपणाचा अंदाज

चिवटपणाची घरगुती पट्टी नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम भेग पाडलेला नमुना ताणून तो मोजतात. पण आधीच फुटलेली कड भिंगाखाली धरली तर बरंच कळतं.

सपाट, आरशासारखे काप दिसले आणि खडा फिरवल्यावर ते एकदमच चमकले, तर पाटन आहे, जपून हाताळा. शिंपल्यासारखे गोलसर, लाटा उठलेले खोलगट भाग दिसले, जसे फुटलेल्या बाटलीच्या काचेत दिसतात, तर पाटन नाही, पण भेगेला अडवणारंही काही नाही. धारदार कडांचे टवके उडतील. कड खरखरीत, तंतुमय किंवा दातेरी दिसली, तर भेगेला वळणं घ्यावी लागली आहेत, हा चिवट. खड्याच्या आत उजेडात इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर आत भेग आधीच पडलेली असते, मग आकडा काहीही असो.

## ८. दागिन्यांच्या डब्यात हे कसं वापरायचं

पैलू पाडलेल्या खड्यावर किंवा मोत्यावर ओरखड्याची चाचणी कधीही करू नका. त्यांचं खनिज माहीत असतं, तेवढं पुरे. प्रत्येकासाठी दोन वेगळे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न घासण्याचा. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. सातच्या खालचा कुठलाही खडा रोज बोटात राहिला आणि पदराने पुसला गेला, की वर्षा-दोन वर्षांत त्याच्या कडा मंदावतात. पोवळं तीन-चारचं आहे, ते तर लवकर झिजतं. पुसण्याआधी धूळ पाण्याने धुऊन टाका.

दुसरा प्रश्न आपटण्याचा. पन्ना साडेसात-आठचा, म्हणजे धुळीला पुरून उरणारा. पण त्याच्या पोटात बहुतेकदा भेगा आणि अंतर्गत डाग असतात, त्या झाकायला तेलही भरलेलं असतं. भांडी घासताना, कपडे धुताना पन्न्याची अंगठी काढून ठेवा, आणि सोनाराकडे ध्वनिलहरींच्या यंत्रात ती साफ करायला देऊ नका. भेगा वाढतात आणि तेल निघून जातं.

मोत्याचं बरोबर उलट. नथीतला मोती अडीच ते साडेचारच्या मधला, तांब्याच्या तारेनेही त्याला चरा पडू शकतो. पण तो हातातून फरशीवर पडला तर सहसा उडी मारून बाजूला जातो, फुटत नाही. त्याच्या अंगात चुन्याच्या खनिजाचे अतिसूक्ष्म पत्रे विटांसारखे रचलेले असतात आणि मधे प्रथिनाचा चिकट थर असतो. भेग प्रत्येक विटेपाशी अडते. त्याला भीती आहे ती घासण्याची आणि आंबटाची. म्हणून नथ मऊ सुती कापडात वेगळी गुंडाळा. हिऱ्याची कुडी तिच्या शेजारी सुटी ठेवू नका, आणि दोन हिऱ्यांचे दागिनेही एका कप्प्यात नकोत, कारण हिऱ्यावर चरा पाडू शकणारी वस्तू त्या डब्यात तेवढी एकच असते.